नाकारलेले नग नेमके किती? बेअरिंग हाउसिंगच्या तीन पुरवठादारांच्या गुणपत्रकाचं प्रकरण

पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात बेअरिंग हाउसिंग हा भाग तीन पुरवठादारांकडून येत होता. त्यांना इथे अ, ब आणि क म्हणू. भाग बिडाचा, ओतलेला आणि पुरवठादारानेच मशीनिंग करून दिलेला. त्यातलं मुख्य माप म्हणजे बेअरिंग बसतं तो ६२ एच७ चा बोअर, म्हणजे ६२.००० ते ६२.०३० मिलिमीटर. सहा महिन्यांच्या आवक तपासणीच्या नोंदींवरून खरेदी विभागाने एक गुणपत्रक तयार केलं आणि त्यावरून अ ची निम्मी ऑर्डर ब कडे वळवायचं जवळजवळ ठरलं. त्याआधी आकडे एकदा गुणवत्ता विभागाने पाहावेत म्हणून तो कागद माझ्याकडे आला.

कागद साधा होता. प्रत्येक पुरवठादाराचे आलेले नग, नाकारलेले नग, त्यांची टक्केवारी, आणि शंभरातून ती टक्केवारी वजा करून आलेले गुण. अ चे १३,४३० नग आले, १,५०६ नाकारले, म्हणजे ११.२ टक्के; गुण ८८.८. ब चे ८,००० आले, ३६ नाकारले, म्हणजे ०.४५ टक्के, गुण ९९.५५. क चे १,४९० आले, ३०१ नाकारले, म्हणजे २०.२ टक्के, गुण ७९.८. बेरीज-भागाकारात कुठेही चूक नव्हती. रजिस्टरमध्ये जे होतं तेच कागदावर उतरलं होतं.

तरीही पहिल्याच नजरेत एक गोष्ट खटकली. एकाच प्रकारचा बिडाचा भाग, एकसारख्या यंत्रांवर होणारं मशीनिंग, आणि अ आणि ब च्या दरात पंचवीस पटींचा फरक? पुरवठादारांत फरक असतो, पण इतका फरक दिसला की आधी मोजण्याची पद्धत तपासायची. माल नंतर.

एकाच रकान्याचे दोन अर्थ

रजिस्टरमध्ये रकाना होता ‘नाकारलेले नग’. आवक तपासणीला दोन तपासनीस होते. अ आणि क च्या गाड्या सकाळी येत, ब ची दुपारनंतर. त्यामुळे अ आणि क चे बहुतेक लॉट पहिल्या तपासनिसाकडे आणि ब चे दुसऱ्याकडे जात. दोघांना वेगवेगळं विचारलं. पहिला म्हणाला, “साहेब, लॉट नापास झाला की सगळाच परत जातो ना, मग पाचशेच्या पाचशे लिहायचे.” दुसरा म्हणाला, “नमुन्यात जेवढे खराब सापडले तेवढे लिहितो. बाकीचे मी पाहिलेच नाहीत, ते खराब आहेत असं कसं लिहू?”

दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे. पहिला सांगत होता की किती माल परत गेला. दुसरा सांगत होता की किती नग सदोष आढळले. रकाना एक, प्रश्न दोन. आणि योगायोगाने ही फूट पुरवठादारांच्या हद्दीवरूनच गेली होती, म्हणून ती पुरवठादारांमधला फरक वाटत होती. तपासनिसांची नावं रजिस्टरमध्ये होती, पण गुणपत्रकात उतरवताना तो रकाना गळला. नोंदींचा सारांश करताना ‘तपासणी कोणी केली’ हा रकाना शेवटपर्यंत सोबत ठेवावा असं मला वाटतं ते यासाठीच. पुरवठादारांचे आकडे एकदा तपासनिसानुसार वेगळे करून पाहिले की अशी भानगड लगेच उघडी पडते.

आता छेदाकडे या. तपासणी नमुन्यावर चालायची, आयएसओ २८५९-१ च्या तक्त्याप्रमाणे. २८१ ते ५०० नगांच्या लॉटला सर्वसाधारण पातळी २ वर ५० नगांचा नमुना. एक्यूएल, म्हणजे चालेल अशी मानलेली सदोष नगांची टक्केवारी, १.० असेल तर एक सदोष नग निघाला तरी लॉट पास, दोन निघाले की नापास. ब च्या ओळीत अंशात नमुन्यातले ३६ सदोष नग होते आणि छेदात पूर्ण लॉटचे ८,०००. पण त्या ८,००० पैकी प्रत्यक्ष पाहिलेले नग १,००० च: वीस लॉट, प्रत्येकी पन्नास. हातात न घेतलेल्या सात हजार नगांना निर्दोष धरून ०.४५ टक्के हा आकडा आला होता. पाहिलेल्या नगांवर भागलं की तो ३.६ टक्के होतो.

अ च्या ओळीत उलटं झालं होतं. चोवीस लॉट, प्रत्येकी पन्नासचा नमुना, म्हणजे १,२०० नग पाहिले; सदोष निघाले १४. दर १.१७ टक्के. तीन लॉट नापास झाले म्हणून दीड हजार नग ‘नाकारलेले’ झाले, आणि पास झालेल्या लॉटमध्ये सुटे सापडलेले सहा धरून १,५०६.

परत आलेला माल

अ चे लॉट चोवीस, प्रत्येकी पाचशे, म्हणजे एकूण १२,००० व्हायला हवेत. रजिस्टर १३,४३० सांगत होतं. वरचे १,४३० नग म्हणजे नापास झालेले तीन लॉट, पुरवठादाराने छानणी करून पुन्हा आणलेले. स्टोअरने त्यांची नवी जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची पावती, केली, त्यामुळे ते नवा माल म्हणून मोजले गेले. हे ओळखायला फार डोकं लावावं लागलं नाही: अ चा प्रत्येक लॉट पाचशेचा असताना मध्येच ४७८, ४८१, ४७१ असे विचित्र आकडे दिसत होते, आणि प्रत्येक आकडा नापास लॉटनंतर काही दिवसांतच आलेला होता. नंतर परतीच्या चलनांशी जुळवून खात्री केली.

पुन्हा आणलेला लॉट छेदात घेतला की पुरवठादाराचा दर खोटाच सुधारतो, कारण आधीच निवडलेला माल साहजिकच चांगला निघतो. अंशात घेतला की एकाच दोषाची दोनदा शिक्षा होते. गुणपत्रकात फक्त पहिल्यांदा आलेला लॉट मोजायचा आणि पुन्हा आणलेल्याचा वेगळा हिशेब ठेवायचा. त्यासाठी प्रत्येक ओळीत ‘कितवी वेळ’ हा रकाना जोडला: पहिल्यांदा आला तर १, पुन्हा आणला तर २.

निकाल वेगळा, निर्णय वेगळा

सगळ्यात मोठा घोळ ब च्या लॉटच्या शेऱ्यात होता. रजिस्टरप्रमाणे ब चा एकही लॉट नापास नव्हता. वीसच्या वीस ‘स्वीकृत’. पण त्याच ओळींत नमुन्यातले सदोष नग पाहिले तर सात लॉटमध्ये ते दोन किंवा जास्त होते. नियमाने सातही नापास.

मग ते स्वीकृत कसे झाले? ब चा माल नेहमी अगदी शेवटच्या क्षणी टेकायचा, आणि जोडणीची लाइन त्याच्यावर उभी असायची. लॉट नापास झाला की उत्पादन विभागाचा फोन यायचा, डेव्हिएशनवर, म्हणजे नापास माल सवलतीने घेण्याच्या परवानगीवर, सही व्हायची, आणि कारखान्यातल्याच माणसांकडून छानणी करून चांगले नग लाइनला जायचे. माल आत आला, म्हणून शेरा ‘स्वीकृत’. छानणीचा हिशेब दुसऱ्याच वहीत होता: सात लॉटचे २,८०० नग, त्यातून सदोष निघाले २३६. म्हणजे ८.४ टक्के. खरेदी विभागापर्यंत ही वही कधी पोचलीच नव्हती.

इथे मला ठाम मत मांडायचं आहे. तपासणीचा निकाल आणि मालाचं काय केलं हा निर्णय, या दोन गोष्टी एकाच रकान्यात लिहूच नयेत. निकाल पुरवठादाराच्या कामाबद्दल बोलतो. निर्णय आपल्या गरजेबद्दल बोलतो. लाइन थांबू नये म्हणून नापास माल घेणं चूक नाही, कधी कधी तेच शहाणपणाचं असतं; पण त्या सवलतीने निकालाचा रकाना पुसला गेला तर जो पुरवठादार माल उशिरा आणून आपल्याला कोंडीत पकडतो त्याचंच गुणपत्रक उजळतं. आणि जो वेळेवर आणतो, ज्याचा माल परत पाठवायला आपल्याला सवड मिळते, तो बदनाम होतो. अ च्या बाबतीत हेच होत होतं.

म्हणून सगळ्या नोंदी नव्याने एका तक्त्यात घेतल्या, प्रत्येक लॉटला एक ओळ. रकाने आठ: जीआरएन क्रमांक, पुरवठादार, कितवी वेळ, लॉटचे नग, नमुना, नमुन्यातले सदोष नग, निकाल आणि निर्णय. निकाल तपासनिसाच्या शेऱ्यावरून घेतला नाही, सदोष नगांच्या संख्येवरून काढला: दोन किंवा जास्त असतील तर FAIL, नाहीतर PASS. तपासनिसाचं नाव नवव्या रकान्यात. मग सूत्रं सोपी राहतात. पहिलं नमुन्यातल्या सदोष नगांचा दर देतं, दुसरं नापास लॉटचा:

```
=SUMIFS(F:F,B:B,"ब",C:C,1)/SUMIFS(E:E,B:B,"ब",C:C,1)
=COUNTIFS(B:B,"ब",C:C,1,G:G,"FAIL")/COUNTIFS(B:B,"ब",C:C,1)
```

इथे B पुरवठादार, C कितवी वेळ, E नमुना, F सदोष नग आणि G निकाल. यातून आलेलं चित्र असं:

| पुरवठादार | पहिल्यांदा आलेले लॉट | नापास लॉट | पाहिलेले नग | सदोष नग | सदोष दर |
|---|---|---|---|---|---|
| अ | २४ | ३ (१२.५%) | १,२०० | १४ | १.१७% |
| ब | २० | ७ (३५%) | १,००० | ३६ | ३.६% |
| क | ४ | १ (२५%) | २०० | ३ | १.५% |

पहिल्या कागदावर अव्वल असलेला ब तळाला गेला होता.

दोन दर का ठेवायचे

बैठकीत कोणीतरी विचारलं की नापास लॉटची टक्केवारी असताना सदोष नगांची कशाला? एकच आकडा ठेवू. त्याचं उत्तर नमुना योजनेच्या स्वभावात आहे. ५० चा नमुना आणि एकापर्यंत सूट, या योजनेत लॉटमध्ये खरोखर ३ टक्के नग सदोष असले तरी तो पास होण्याची शक्यता सुमारे ५५ टक्के असते. आणि अगदी १ टक्का सदोष असलेला, म्हणजे आपण चालेल म्हटलेला लॉट, दर अकरा वेळेस साधारण एकदा नापास होतो. म्हणजे लॉट पास होणं हा मालाच्या चांगुलपणाचा फार कच्चा पुरावा आहे, आणि एखाद्या लॉटचं नापास होणंही. लॉटची टक्केवारी परतीचा आणि छानणीचा व्याप सांगते. मालाचा दर्जा सदोष नगांच्या दरातून कळतो.

दोन्ही दर शेजारी ठेवले की आणखी एक गोष्ट कळते, आणि ती मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटली. ब चा सदोष दर ३.६ टक्के. हे दोष सगळ्या लॉटमध्ये सारखे पसरलेले असते तर या योजनेत वीसपैकी साधारण अकरा लॉट नापास व्हायला हवे होते. झाले सातच. उरलेल्या तेरा लॉटमध्ये मिळून फक्त पाच सदोष नग होते, तर सात नापास लॉटमध्ये एकतीस. दोष पसरलेले नव्हते, गठ्ठ्याने आले होते. ज्याची प्रक्रिया कायमच ढिली असते त्याच्या मालात असं सहसा दिसत नाही. असं दिसतं तेव्हा मध्येच काहीतरी बिघडलेलं असतं.

म्हणून लॉट तारखेप्रमाणे लावून पाहिले. सातपैकी पाच नापास लॉट तिसऱ्या आणि चौथ्या महिन्यातले. या पाचांत २४ सदोष नग. उरलेल्या पंधरा लॉटमध्ये १२, म्हणजे १.६ टक्के. हे अ च्या १.१७ पेक्षा थोडं जास्त, पण त्याच जातीचं. सहा महिन्यांची सरासरी हे सांगत नाही. दरमहाची एक साधी रेघ काढली की दिसतं.

दोषांची नावं

आता दोषांचे प्रकार. रजिस्टरमध्ये कारणाचा रकाना मोकळा होता, ज्याला जे सुचेल ते. ‘बोअर ओव्हर’, ‘बोर मोठा’, ‘आयडी जास्त’, ‘नो-गो जातो’, ‘बेअरिंग सैल’. पाचही नोंदी एकाच दोषाच्या. याउलट ‘माप चूक’ या एका शेऱ्यात बोअरही होता आणि छिद्रांची जागाही. पहिल्यांना एकत्र आणणं सोपं. ‘माप चूक’चं काय करायचं? त्या लॉटचे तपासणी अहवाल उघडून पाहिले, कुठल्या मापाखाली लाल खूण आहे ते. सुदैवाने अहवाल जपून ठेवले होते. अहवालच नसते तर त्या नोंदी ‘अनिश्चित’ या वेगळ्या प्रकारात ठेवल्या असत्या. त्या अंदाजाने बोअरमध्ये ढकलणं योग्य नाही.

शेवटी चार प्रकार पुरले: बोअर मर्यादेबाहेर, ब्लोहोल, छिद्रांची जागा, आणि ठोका किंवा गंज. यापेक्षा बारीक विभागणी केली की प्रत्येक खणात दोन-तीन नग उरतात आणि काहीच दिसत नाही. प्रकार करताना मी एकच कसोटी लावली: या दोषावर काम पुरवठादाराच्या कुठल्या ठिकाणी होईल? ब्लोहोल, म्हणजे ओतीव भागात राहिलेली पोकळी, ओतकामात; बोअर बोरिंगच्या यंत्रावर, छिद्रांची जागा जिग-फिक्श्चरमध्ये, ठोका आणि गंज पॅकिंगमध्ये. ज्या दोन दोषांवरचा इलाज एकाच ठिकाणी आहे ते एकत्र, नाहीतर वेगळे.

एका नगात दोन दोष असू शकतात, हेही ध्यानात ठेवावं लागतं. ब च्या ३६ सदोष नगांत दोष होते ३९. दर काढताना नग मोजायचे, प्रकारांची वाटणी करताना दोष मोजायचे. दोन्ही आकडे कागदावर स्पष्ट लिहिले नाहीत तर कोणीतरी प्रकारांची बेरीज करून सदोष नगांशी ताडून पाहतं आणि सगळ्या कागदावरचा विश्वास उडतो.

ब चे ३९ दोष असे होते: बोअर १७, ब्लोहोल ११, छिद्रांची जागा ६, ठोका-गंज ५. इथे एक मोह होता. छानणीच्या वहीत २३६ नगांचे २४१ दोष नोंदलेले होते, सहा पटींहून जास्त माहिती. त्यात बोअर १३८, ब्लोहोल ५२, छिद्रं २७, ठोका-गंज २४. मग आलेख यावरूनच का काढू नये? कारण छानणी करताना माणूस सगळी मापं घेत नाही. लॉट बोअरवर नापास झाला असेल तर हातात नो-गो गेज, आणि नजरेला सहज पडलं तर ब्लोहोल बाजूला. छिद्रांची जागा कोणी मुद्दाम तपासत नाही. त्यामुळे छानणीच्या वहीत बोअरचा वाटा ५७ टक्के दिसतो, तर प्रत्येक नग सगळ्या मापांवर पाहिलेल्या नमुन्यात तो ४४ टक्के आहे. ज्या दोषाने छानणी सुरू होते तोच तिथे फुगतो. म्हणून प्रकारांची वाटणी नमुन्यावरून, आणि छानणीच्या वहीतून फक्त एवढंच: किती नग छानले, किती फेकले, किती माणूस-तास लागले.

बोअरचे सतराही दोष त्या पाच लॉटमध्येच होते. सगळे मोठ्या बाजूने, ६२.०३० च्या वर. बोअर कधी लहान, कधी मोठा असा विखुरलेला नव्हता. हे घेऊन ब च्या लोकांशी बोलल्यावर त्यांना शोधायला वेळ लागला नाही: त्या काळात दुसऱ्या पाळीत बोरिंग बारची इन्सर्ट बदलल्यावर पहिला नग न मोजताच उत्पादन सुरू होत होतं. पाचव्या महिन्यापासून पहिला नग मोजणं पुन्हा सुरू झालं आणि त्यानंतरच्या लॉटमध्ये बोअरचा एकही दोष नाही. ‘तुमचं रिजेक्शन ३.६ टक्के आहे’ एवढंच सांगितलं असतं तर त्यांनी ‘सुधारणा करू’ असं पत्र पाठवलं असतं. महिना, माप आणि बाजू सांगितल्यामुळे ते थेट यंत्रापाशी गेले.

लाइनवर सापडलेले दोष

आवक तपासणीत पकडला न गेलेला माल पुढे लाइनवर जातो. हाउसिंगमध्ये काही छिद्रांना आटे कारखान्यातच पाडले जात, आणि कातडीखाली लपलेले ब्लोहोल तिथे उघडे पडत. हे नग उत्पादन विभागाच्या वहीत होते: सहा महिन्यांत ७४. त्यातले ४१ अ चे, १९ ब चे, २ क चे. १२ नगांवर लॉटची चिठ्ठीच उरली नव्हती. हे बारा तिघांमध्ये प्रमाणात वाटून टाकायची सूचना आली. ती मी मानली नाही. ते ‘पुरवठादार अज्ञात’ म्हणून वेगळ्या ओळीत राहिले.

लाइनचा दर लाइनला गेलेल्या नगांवर काढायचा, आलेल्या नगांवर नाही. अ चे ११,९२४ नग आत गेले. ४१ म्हणजे दर दहा लाखांत सुमारे ३,४४०. ब चे ७,७५९ गेले. १९ म्हणजे सुमारे २,४५०. इथे अ मागे पडतो. ४१ पैकी ३७ नग ब्लोहोलचे, आणि आवक तपासणीतही अ च्या १४ दोषांपैकी ८ ब्लोहोलच. अ चं मशीनिंग चोख आहे, ओतकाम नाही, आणि त्याचे बरेच दोष आवक तपासणीला दिसूच शकत नाहीत. अ च्या बाजूने उभं राहताना ही गोष्ट झाकून ठेवणं योग्य झालं नसतं. हा दर म्हणून गुणपत्रकात वेगळ्या रकान्यात गेला, आवक तपासणीच्या दरात मिसळला नाही. एक पाहिलेल्या नमुन्यावरचा, दुसरा वापरलेल्या सगळ्या नगांवरचा. त्यांची बेरीज कशाचीच नसते.

क चं काय

क चे चार लॉट, एक नापास, २५ टक्के. हा आकडा छापला की लोक लगेच त्याला अ आणि ब च्या शेजारी ठेवतात. पण चारपैकी एक या नोंदीवरून ९५ टक्के विश्वासाने एवढंच म्हणता येतं की खरा दर एका टक्क्याच्याही आत ते ऐंशी टक्के यांच्यामध्ये कुठेतरी आहे. एवढ्या रुंद पट्ट्यावर ना शाबासकी देता येते ना नोटीस. क च्या ओळीत आकडे दिले, पण दर्जाच्या रकान्यात ‘नोंदी अपुऱ्या’ असं लिहिलं, आणि दहा लॉट होईपर्यंत दर्जा द्यायचा नाही असं ठरवलं. दहा ही काही शास्त्रीय सीमा नाही. तेवढ्यात निदान एखाद्या लॉटने चित्र उलटंपालटं होत नाही.

हाच संयम अ आणि ब मध्येही थोडा लागतो. चोवीसपैकी तीन आणि वीसपैकी सात, यांच्या मर्यादा एकमेकींत शिरतात. केवळ लॉटवरून ब वाईट आहे असं ठामपणे म्हणता आलं नसतं. पाहिलेल्या नगांचा दर मात्र दोघांना स्पष्ट वेगळं करतो. तिथेही हे दोष गठ्ठ्याने आलेले, म्हणून हजार नगांची माहिती म्हणजे हजार स्वतंत्र साक्षी नव्हेत, हे बैठकीत सांगावं लागलं.

अंतिम पत्रक

खरेदीप्रमुखांना एकच गुणांक हवा होता, कारण पुरवठादारांची क्रमवारी त्यावर लावता येते. खूप चर्चेनंतर गुणांक काढला नाही. तीन दर शेजारी ठेवले: नापास लॉट, नमुन्यातले सदोष नग, लाइनवर सापडलेले नग. प्रत्येक पुरवठादाराला एक पान. त्यावर दरमहाची रेघ, चार प्रकारांच्या पट्ट्या, आणि खाली डेव्हिएशनवर घेतलेल्या लॉटची संख्या आणि छानणीचे तास. हे शेवटचे दोन आकडे पुरवठादाराच्या दर्जात मिळवले नाहीत. ते आपला खर्च दाखवतात, आणि ब च्या पानावर ते पाहिल्यावर उत्पादन विभागही गप्प झाला.

ऑर्डर अ कडून ब कडे वळवायचा प्रस्ताव मागे घेतला गेला. ब चा वाटा आहे तसाच राहिला, अट एवढीच की प्रत्येक लॉटसोबत पहिल्या नगाचा बोअरचा अहवाल यावा आणि माल लाइनच्या गरजेच्या निदान एक आठवडा आधी पोचावा, म्हणजे नापास झाला तर परत पाठवायला वाव राहील. अ शी बोलणी ब्लोहोलवर सुरू झाली. त्यांनी ओतकामाचा साचा आणि धातू ओतायची वाट बदलून पाहायचं कबूल केलं आहे, आणि बदललेल्या साच्यातल्या नगांवर वेगळी खूण घालायचं ठरलं, म्हणजे आटे पाडताना जुन्या आणि नव्या साच्याचे नग वेगळे मोजता येतील. रजिस्टरमध्ये ‘नाकारलेले नग’ हा रकाना आता नाही. त्याच्या जागी ‘नमुन्यात सदोष’ आणि ‘परत पाठवले’ असे दोन आहेत. निकालाचा रकाना तपासनीस भरतो. निर्णयाचा रकाना डेव्हिएशनवर सही करणारा स्वतःच्या हाताने भरतो.